बाहेरून आलेले थायरॉइड

प्रस्तावना

टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ वर गेलेले, नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे, हाताला बारीक कंप आणि दोन महिन्यांत उतरलेले वजन. असा रुग्ण समोर बसला की डॉक्टरचा हात आपोआप कार्बिमाझोलच्या चिठ्ठीकडे जातो. बहुतेक वेळा ते चुकतही नाही, कारण अशा रुग्णांत ग्रेव्हजचा आजार सगळ्यांत जास्त सापडतो. पण तपासणीच्या कागदाने एवढेच सांगितलेले असते की रक्तात थायरॉइडचे हार्मोन जास्त आहे. ते कुठून आले, हे त्या कागदावर नसते.

ते येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिलीत ग्रंथी स्वतःच बेसुमार हार्मोन बनवते. ग्रेव्हजमध्ये किंवा स्वैर झालेल्या गाठींमध्ये हे घडते. दुसरीत ग्रंथी नवे काही बनवत नाही, पण तिला सूज येऊन तिच्यातला जुना साठा रक्तात गळतो. याला थायरॉइडायटिस म्हणतात. तिसऱ्या वाटेत ग्रंथी पूर्णपणे निर्दोष असते आणि हार्मोन तोंडावाटे आलेले असते. कधी वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमधून, कधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या गोळ्यांच्या बाटलीतून, कधी जिममध्ये कुणी दिलेल्या पुडीतून. ही पुस्तिका त्या तिसऱ्या वाटेबद्दल आहे. ती ओळखायला थायरोग्लोब्युलिन नावाची एक साधी रक्ततपासणी पुरते. ती बहुतेक प्रयोगशाळांत उपलब्ध असते, पण मागवली जाते ती थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी. या कामासाठी ती सहसा कुणाला आठवत नाही.

आधी एक रुग्ण पाहू. ही एकच व्यक्ती नाही. अशा अनेक रुग्णांच्या तपशिलांतून शिकवण्यासाठी जुळवलेले हे चित्र आहे.

वय ३४, व्यवसायाने शिक्षिका. सात आठवड्यांत वजन ७१ किलोवरून ६४ वर आले. सुरुवातीला त्या खूशच होत्या. मग झोप उडाली, जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, खडू धरताना बोटे थरथरू लागली. नाडी ११२. गळा सपाट, दाबल्यावर दुखत नव्हता, डोळे बाहेर आलेले नव्हते. टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, फ्री टी-४ ३.१ (कमाल मर्यादा १.७). गावातल्या डॉक्टरांनी कार्बिमाझोल सुरू केले. चार आठवड्यांनी आकडे जसेच्या तसे. डोस वाढवला, तरी फरक नाही. मग त्यांना शहरात पाठवले. तिथे ग्रेव्हजची अँटिबॉडी निगेटिव्ह आली आणि टेक्नेशियमच्या स्कॅनमध्ये गळ्याच्या जागी जवळजवळ काहीच दिसले नाही. ग्रंथी किरणोत्सर्गी द्रव्य उचलतच नव्हती.

स्कॅन रिकामा आला, म्हणजे ग्रंथी काम करत नाही. ती काम करत नाही आणि तरीही रक्तात हार्मोन आहे, म्हणजे जुना साठा गळतो आहे. गळा दुखत नाही, ईएसआर वाढलेला नाही, म्हणून वेदनारहित थायरॉइडायटिस. तर्क सरळ होता आणि पाठ्यपुस्तकाशी जुळत होता. कार्बिमाझोल बंद करून धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिले आणि सांगितले, "दीड-दोन महिन्यांत आपोआप उतरेल."

उतरले नाही. तक्रारी सुरू होऊन पाच महिने झाले तेव्हाही फ्री टी-४ २.९ होते. इथे एक साधा हिशेब कामाला येतो. निरोगी ग्रंथीत हार्मोनचा साठा साधारण दोन-तीन महिने पुरेल एवढा असतो. सुजलेल्या ग्रंथीतून तोच साठा गळत असेल, तर तो कधीतरी संपायलाच हवा. म्हणूनच थायरॉइडायटिसचा हा टप्पा काही आठवड्यांत ओसरतो आणि पुष्कळदा त्यानंतर हार्मोन काही काळ कमीच पडते. पाच महिने एकाच पातळीवर गळत राहणारा साठा कुठल्याच ग्रंथीत नसतो. जे संपत नाही, ते रोज नव्याने येत असते.

त्या टप्प्यावर थायरोग्लोब्युलिन तपासले गेले. ते ०.२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते, म्हणजे यंत्राला मोजताच येत नव्हते. निरोगी माणसात ते मिलिलिटरला साधारण ३ ते ४० नॅनोग्रॅम असते. थायरोग्लोब्युलिनविरुद्धची अँटिबॉडीही तपासली होती. ती निगेटिव्ह होती.

मग डॉक्टरांनी शिक्षिकेला एकटीला बसवून पुन्हा विचारले.

"ताई, वजनासाठी काही घेताय का?"

"नाही हो डॉक्टर. औषध असं काहीच नाही. एक आयुर्वेदिक कॅप्सूल आहे फक्त, मैत्रिणीनं दिलेली. तिच्या बहिणीचं चांगलं दहा किलो उतरलं."

डबीवर पानाफुलांचे चित्र होते. कारखान्याचे नाव नव्हते, परवाना क्रमांक नव्हता. शिक्षिका खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतेच. आणि आधीच्या डॉक्टरांनी "कुठली औषधे चालू आहेत?" एवढेच विचारले होते.

आता थायरोग्लोब्युलिनचा आकडा इतके ठामपणे का बोलतो ते पाहू, कारण यातले कारण समजले की बाकीचे पाठ करावे लागत नाही.

थायरॉइडच्या आत सूक्ष्म पोकळ गोलके असतात. त्यांच्या भिंतींतल्या पेशी थायरोग्लोब्युलिन हे मोठे प्रथिन बनवून पोकळीत साठवतात. आयोडीन याच प्रथिनावर बसते आणि टी-४ व टी-३ याच्याच अंगावर घडतात. गरज लागली की पेशी प्रथिनाचा थोडा भाग आत ओढून घेते, तो पचवते आणि सुटलेले हार्मोन रक्तात सोडते. या व्यवहारात थोडे अख्खे थायरोग्लोब्युलिनही रक्तात झिरपते. शरीरात ते इतर कुठेही बनत नाही. घरच्या घाण्यावर तेल काढले की पेंड निघतेच. दुकानातून डबा आणला तर तेल येते, पेंड येत नाही. थायरोग्लोब्युलिन ही त्या घाण्याची पेंड आहे.

ग्रेव्हजमध्ये घाणा रात्रंदिवस चालतो, म्हणून थायरोग्लोब्युलिन वाढते. थायरॉइडायटिसमध्ये गोलके फुटून आतला माल बाहेर पडतो, म्हणून तेही वाढते, कधी कधी बरेच. बाहेरचे हार्मोन घेणाऱ्यात मात्र पिट्युटरी ग्रंथी रक्तातले जास्त हार्मोन बघून टीएसएच थांबवते, टीएसएच थांबले की थायरॉइडला काम करण्याची सूचना मिळत नाही आणि ती झोपी जाते. गोळीतल्या शुद्ध हार्मोनसोबत थायरोग्लोब्युलिन येत नाही. प्राण्याच्या वाळवलेल्या ग्रंथीची पूड असेल तर त्यातले प्रथिन पोटात पचून जाते. म्हणून आकडा तळाला जातो.

स्कॅन एकटा हे वेगळे करू शकत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. थायरॉइडायटिस आणि बाहेरचे हार्मोन, दोन्हींत स्कॅन रिकामाच दिसतो. नुकतेच सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त रंगद्रव्य टोचले असेल तर खऱ्या ग्रेव्हजमध्येही तो फसवा रिकामा येऊ शकतो. क्वचित अंडाशयात थायरॉइडच्या ऊतींची गाठ असते आणि हार्मोन तिथून येते. तेव्हाही गळ्यातला स्कॅन रिकामा, पण थायरोग्लोब्युलिन खाली जात नाही, कारण ती ऊती थायरॉइडचीच असते. म्हणजे रिकाम्या स्कॅनपाशी रस्ता फुटतो आणि पुढची पाटी थायरोग्लोब्युलिनची असते. इटलीतल्या पिसा इथल्या मारियोत्ती आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे मांडले. तेव्हापासून हे ज्ञान उघड्यावर आहे. वापरात मात्र ते अजून पुरते उतरलेले नाही.

वजनासाठी थायरॉइड घेण्याची कल्पना एक शतकाहून जुनी आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून थायरॉइड आटलेल्या एका स्त्रीवर उपचार केला. पुढच्याच वर्षी ग्रंथी तोंडाने दिली तरी चालते हे कळले. रुग्ण सुजलेले, जड, मंद असत. उपचाराने ते हलके होत. त्यात उतरत होते ते बरेचसे साचलेले पाणी. पण वजन उतरते एवढेच लोकांनी पाहिले आणि दशक संपण्याच्या आत निरोगी, जाड माणसांनाही थायरॉइड देणे सुरू झाले. अमेरिकेत 'मार्मोला' नावाच्या गोळ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून विकल्या गेल्या. त्यात वाळवलेली थायरॉइड होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातींवर बंदी घातली, पण १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. गोळ्या निरुपद्रवी आहेत असे न्यायालय म्हणाले नाही. प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांचे नुकसान सिद्ध झाले नाही, एवढाच मुद्दा होता. दुसऱ्या फेरीत, १९४२ मध्ये, कमिशन जिंकले. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत रंगीबेरंगी 'रेनबो' गोळ्या आल्या: अँफेटामिन, थायरॉइड, लघवी वाढवणारे औषध, जुलाबाचे औषध, कुठे डिजिटॅलिससुद्धा. १९६८ साली सिनेटसमोर त्यांची सुनावणी झाली.

मेक्सिकोत 'रेडोटेक्स' म्हणून विकल्या गेलेल्या कॅप्सूलची घटकयादी मला फार बोलकी वाटते. तिच्यात ७५ मायक्रोग्रॅम टी-३, भूक मारणारे उत्तेजक, अॅट्रोपिन, जुलाबासाठी कोरफडीतला अॅलॉइन आणि डायझेपाम होते. टी-३ने धडधड होते, उत्तेजकाने ती वाढते, आणि डायझेपाम आहे म्हणून माणसाला ती कमी जाणवते. त्रास होणार हे बनवणाऱ्याला ठाऊक होते, नाहीतर शांत करणारी गोळी आत घालण्याचे कारण काय? जपानमध्ये चीनहून आलेल्या 'वनौषधी' कॅप्सूलमुळे थायरोटॉक्सिकोसिस झालेले रुग्ण २००५ मध्ये नोंदवले गेले. हाँगकाँगमध्येही असेच घडले. अशा डबीवर हार्मोनचे नाव सहसा नसते.

असे हार्मोन घेऊन वजन खरोखर उतरते का, हा प्रश्न रुग्ण विचारतातच. उत्तर डोसमध्ये आहे. निरोगी ग्रंथी रोज साधारण ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-४ बनवते. अशा माणसाने वरून ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर पिट्युटरी टीएसएच कमी करते आणि ग्रंथी आपले उत्पादन तेवढेच घटवते. बेरीज तीच राहते. वजनावर काहीच होत नाही. म्हणून बारीक करण्याचा दावा करणाऱ्याला एवढे हार्मोन घालावेच लागते की ग्रंथी पूर्ण बंद पडूनही बेरीज शिल्लक राहील. उपयोगी वाटणारा डोस आणि विषारी डोस यांच्यात इथे जागाच उरत नाही. ७५ मायक्रोग्रॅम टी-३चा अर्थ असाच लावावा: शरीरात दिवसभरात एकूण टी-३ तयार होते ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. आणि उतरते काय? चरबीबरोबर स्नायूही. शिक्षिकेच्या मांड्या जिन्यावर भरून येत होत्या त्या यामुळेच. जास्त दिवस चालले तर हाडे ठिसूळ होतात, आणि उतारवयात हृदयाची लय बिघडून अलिंदकंपन सुरू होऊ शकते. अमेरिकेत थायरॉइडच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापावा लागतो की त्या लठ्ठपणासाठी वापरू नयेत आणि मोठा डोस जिवावर बेतू शकतो.

कोणते हार्मोन पोटात गेले याचा अंदाज टी-३ आणि टी-४ यांच्या जोडीवरून येतो. केवळ टी-३ घेणाऱ्यात टी-३ वर असते आणि टी-४ सामान्यापेक्षा खाली जाते, कारण स्वतःची ग्रंथी झोपलेली असते. टी-४ खूप वर आणि टी-३ त्या मानाने थोडेच वर, असे चित्र लेव्होथायरॉक्सिनच्या गोळ्यांचे. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी टी-३ झुकत्या मापाने बनवते. एकूण टी-३ नॅनोग्रॅममध्ये आणि टी-४ मायक्रोग्रॅममध्ये घेऊन, दोन्ही दर डेसिलिटरला, भागाकार केला तर ग्रेव्हजमध्ये तो बहुधा २० च्या वर जातो. आपल्या शिक्षिकेचे टी-३ २४० आणि टी-४ १७ होते, भागाकार १४. हा आकडा ग्रेव्हजच्या विरोधात जातो, पण थायरॉइडायटिसला वगळत नाही. त्यामुळे तो पुरावा आहे, निकाल नाही.

आता एक गोष्ट ठासून सांगायला हवी. कमी थायरोग्लोब्युलिन रुग्ण लपवतो आहे असे सिद्ध करत नाही. हार्मोन बाहेरून आले, एवढेच ते सांगते. याचा सर्वांत चांगला दाखला वजनाशी संबंधित नाहीच. १९८४-८५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या साउथ डकोटा व आयोवामध्ये एकामागून एक माणसांना थायरोटॉक्सिकोसिस होऊ लागला. झोप नाही, घाम, धडधड, वजन घटलेले; ग्रंथी द्रव्य उचलत नव्हती. एकाच घरातले अनेक जण आजारी. निदान वेदनारहित थायरॉइडायटिसकडे झुकत होते. पण थायरॉइडायटिस घराघरांत अशी साथ करत नाही. गोळी कुणीच घेत नव्हते, आणि ते खरे बोलत होते. शेवटी उगम सापडला तो एका कत्तलखान्याच्या खिम्यात. गाईच्या स्वरयंत्राभोवतीचे मांस खरवडून खिम्यात मिसळले जात होते आणि त्याच्याबरोबर थायरॉइड ग्रंथीही. शिजवल्याने हे हार्मोन नष्ट होत नाही. हेडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये १२१ रुग्णांची नोंद छापली. त्या लोकांना चोरून गोळ्या घेणारे ठरवणे किती सोपे झाले असते!

म्हणून अहवाल हाती आल्यावर "तुम्ही काय खाता ते सांगा नाहीतर" अशा थाटात बोलू नये. तीन प्रकारची माणसे समोर असू शकतात. माहीत असून सांगणारी, माहीत असून न सांगणारी आणि मुळात माहीतच नसलेली. आपल्याकडे तिसरा गट मोठा असावा असे माझे मत आहे, कारण 'नॅचरल' आणि 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या वस्तूला लोक औषध मानत नाहीत. खऱ्या वैद्यांचा यात काही दोष नाही. त्यांच्या शास्त्राचे नाव भिंतीसारखे वापरून कुणीतरी भलतेच विकत असतो. विचारताना औषधाचे नाव काढू नये. "वजन, केस, ताकद, झोप यासाठी काही पावडर, काढा, कॅप्सूल, चहा? घरात कुणाला थायरॉइडची गोळी चालू आहे का? ती कुठे ठेवतात?" एवढे विचारले की बरेच बाहेर येते. लहान मुलाला झाले असेल तर आजीची बाटली आधी मोजावी.

थायरोग्लोब्युलिनच्या आकड्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक नसतील तर हीच तपासणी चुकीच्या वाटेला नेते.

पहिली आणि मोठी मर्यादा अँटिबॉडीची. थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या अँटिबॉडी हाशिमोटो आणि ग्रेव्हजच्या पुष्कळ रुग्णांत असतात, आणि निरोगी दिसणाऱ्या काही माणसांतही. आजच्या बहुतेक यंत्रांत या अँटिबॉडी थायरोग्लोब्युलिनला आधीच धरून बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणजे खऱ्या ग्रेव्हजच्या रुग्णाला गोळ्या खाल्ल्याचा आरोप चिकटू शकतो. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर मागवाव्यात. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असेल तर कमी आकडा सोडून द्यावा. इथे आपल्याकडचा एक नेहमीचा घोळ सांगतो: चिठ्ठीवर 'थायरोग्लोब्युलिन' लिहिलेले असते आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर 'अँटी-थायरोग्लोब्युलिन'वर टिचकी पडते. अहवालात एकच आकडा येतो, तो कशाचा हे कुणी वाचत नाही. एकक बघितले की लगेच कळते. थायरोग्लोब्युलिन नॅनोग्रॅममध्ये असते, अँटिबॉडी आंतरराष्ट्रीय एककांत. अँटिबॉडीमुळे अडले तर बेल्जियममधल्या बुइयों यांच्या गटाने १९९३ मध्ये वेगळी वाट दाखवली: विष्ठेतले टी-४ मोजणे. गोळी पूर्ण शोषली जात नाही, त्यामुळे घेणाऱ्याच्या विष्ठेत ते खूप जास्त सापडते. पण ही तपासणी रोजच्या प्रयोगशाळेत होत नाही.

दुसरी मर्यादा बायोटिनची, आणि ती जास्त फसवी आहे, कारण वजनाची कॅप्सूल घेणारी व्यक्ती बहुधा केसांसाठी गमीही खात असते. केस आणि नखांच्या गोळ्यांत बायोटिन ५ ते १० मिलिग्रॅम असू शकते. अनेक यंत्रांत तपासणी बायोटिनच्याच जोडणीवर चालते. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच आणि थायरोग्लोब्युलिन खोटे कमी येतात, फ्री टी-४ आणि टी-३ खोटे जास्त. कागदावर हुबेहूब बाहेरच्या हार्मोनचे चित्र उमटते आणि माणूस मात्र ठणठणीत असतो. नाडी ७२, हात स्थिर, वजन स्थिर, आणि अहवाल भयंकर, असे दिसले की आधी बायोटिन थांबवावे आणि किमान दोन दिवसांनी नमुना पुन्हा घ्यावा. फार मोठा डोस असेल तर आणखी थांबावे.

तिसरी मर्यादा ग्रंथीच्या आकाराची. थायरोग्लोब्युलिन ग्रंथी किती मोठी आहे यावरही अवलंबून असते. जुने मोठे गलगंड असलेल्या बाईने वरून हार्मोन घेतले तर आकडा कमी होईल, पण मोजता न येण्याइतका होईलच असे नाही. उलट शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेल्या किंवा आटलेल्या ग्रंथीच्या माणसात तो मुळातच कमी असतो आणि लेव्होथायरॉक्सिन त्याला डॉक्टरनेच दिलेले असते. तिथे प्रश्न डोस जास्त झाला का, एवढाच उरतो.

शिक्षिकेची कॅप्सूल बंद झाली. कार्बिमाझोल पुन्हा दिले नाही, कारण ते ग्रंथीचे उत्पादन रोखते आणि इथे ग्रंथी काही बनवतच नव्हती. प्रोप्रॅनोलॉल काही दिवस चालू ठेवले. रक्तातले टी-४ अर्धे व्हायला साधारण आठवडा लागतो, टी-३ला एक दिवस; त्यामुळे टी-३च्या कॅप्सूलचा रुग्ण लवकर सुटतो आणि टी-४चा हळूहळू. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या असतील तर आतड्यात हार्मोन बांधून ठेवणारे कोलेस्टिरामाइन वापरतात. इथे त्याची गरज पडली नाही.

चौथ्या आठवड्यात फ्री टी-४ ०.८ झाले, किंचित कमी, आणि टीएसएच अजून ०.०५ वरच होते. हा आकडा पाहून पिट्युटरी बिघडल्याची शंका येऊ शकते आणि एमआरआयची चिठ्ठी लिहिली जाऊ शकते. त्याची गरज नसते. पाच महिने बंद राहिलेल्या पिट्युटरीला जागे व्हायला काही आठवडे लागतात. शिक्षिकेला या काळात थकवा आला, बद्धकोष्ठ झाले, वजन तीन किलो वाढले, आणि याच वेळी पुन्हा कॅप्सूलकडे हात जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हे त्यांना आधीच सांगून ठेवले होते. नवव्या आठवड्यात टीएसएच २.८ आणि थायरोग्लोब्युलिन ११ आले. ग्रंथी स्वतःचे काम करू लागल्याचा हा दुसरा पुरावा, आणि निदान पक्के करणारा. हार्मोन थांबवल्यावर थायरोग्लोब्युलिन वर आले नसते, तर सुरुवातीच्या आकड्यावर पुन्हा प्रश्न उभा राहिला असता.

उरलेली डबी फेकू नये. ती वेष्टनासह बंद पिशवीत ठेवून, कुणी दिली, कितीला दिली, कधीपासून घेतली हे लिहून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे द्यावी. मैत्रिणीच्या बहिणीचीही नाडी बघायला हवी होती. ती बघितली तेव्हा १०८ होती.